साठीपर्यंतचे कुलूप आणि ऊसतोडीचा हंगाम

दिवाळी आटोपली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतील पाडे रिकामे होऊ लागतात. नवराबायकोची जोडी, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत एक कोयता, मुकादमाच्या गाडीतून दक्षिण गुजरातच्या साखरपट्ट्यात उतरते. काही जोड्या होळीपुरत्या गावी येऊन जातात आणि बाकीच्या उन्हाळ्यातच परततात. या कुटुंबांच्या हाती पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. हंगामाआधी उचल मिळते, हंगाम संपला की हिशेब होतो आणि मधल्या काळात रोजगार हमीची किंवा शेतातली किरकोळ मजुरी असते. आणि याच कुटुंबांना बँकेच्या शाखेत वा बँकमित्राकडे जे निवृत्तिवेतनाचे खाते सुचवले जाते, ते साऱ्या आयुष्यभर ठरलेली वर्गणी मागते आणि वयाची साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत ती रक्कम परत देत नाही. ते खाते म्हणजे अटल पेन्शन योजना.

९ मे २०१५ रोजी या योजनेचा शुभारंभ झाला आणि १ जून २०१५ पासून ती लागू झाली. निवृत्तिवेतन निधी नियामक व विकास प्राधिकरण ती चालवते. १८ ते ४० या वयातील, बचत खाते असलेल्या व्यक्तीला तीत सहभागी होता येते. १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना तीत नव्याने प्रवेश नाही. साठीनंतर दरमहा १,०००, २,०००, ३,०००, ४,००० किंवा ५,००० रुपये यांपैकी जे निवृत्तिवेतन आपण निवडू, त्याची हमी केंद्र सरकारने घेतलेली आहे. निधीवरचे उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी पडले तर तूट सरकार भरून देणार. खातेदाराच्या पश्चात तेच निवृत्तिवेतन पती किंवा पत्नीला हयातभर मिळते आणि दोघांच्या पश्चात जमलेली रक्कम वारसाला मिळते. १,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी ती १ लाख ७० हजार आणि ५,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी साडेआठ लाख धरलेली आहे.

खाते उघडण्यात अवघड असे काही नाही. ज्या बँकेत वा टपाल कार्यालयात बचत खाते आहे तेथे एक अर्ज भरायचा, आधार क्रमांक व मोबाइल क्रमांक द्यायचा, निवृत्तिवेतनाची रक्कम निवडायची, वारस नोंदवायचा आणि खात्यातून वर्गणी आपोआप वळती करून घेण्यास संमती द्यायची. अर्जदार विवाहित असेल तर पती वा पत्नीचे नाव आपसूक येते. त्यानंतर बारा अंकी कायम निवृत्तिवेतन क्रमांक मिळतो. एका व्यक्तीला असे एकच खाते उघडता येते. आधारची पहिली ओळखपत्रे २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या जिल्ह्यातील टेंभली या गावी वाटली गेली, त्या नंदुरबारमध्ये कागदपत्रांची अडचण आता फारशी उरलेली नाही, असे म्हणायला हरकत नाही. अडचण आहे ती सही किंवा अंगठा उमटल्यानंतरची.

अर्जावरच्या रकमेच्या रकान्यापुढे कोणती रक्कम लिहायची, हा निर्णय बहुतेक वेळा टेबलापलीकडचा माणूस घेतो. शाखांना खाती उघडण्याची उद्दिष्टे असतात. कमीत कमी वर्गणीचे खाते उघडले की उद्दिष्टही पूर्ण होते आणि गिऱ्हाईकही कुरकुर करत नाही. देशभरातील बहुसंख्य खाती सर्वांत खालच्या, म्हणजे १,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनाची आहेत, यामागे गरिबी जशी आहे तशी ही सवयही आहे. वर्गणी वयावर ठरते. पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली तर १,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी दरमहा ७६ रुपये, २,००० साठी १५१ रुपये आणि ५,००० साठी ३७६ रुपये भरावे लागतात. चाळिसाव्या वर्षी खाते उघडणाऱ्याला १,००० रुपयांसाठीच २९१ रुपये मोजावे लागतात. आकडे लहान दिसतात, पण पंचविशीतल्या माणसासाठी ते पस्तीस वर्षांचे, म्हणजे ४२० हप्त्यांचे बंधन आहे.

या बंधनाचा पहिला फटका साठीच्या वेळी बसत नाही, तो पहिल्याच हंगामात बसतो. वर्गणी दरमहा आपोआप वळती होते. खात्यात शिल्लक नसेल तर ती वळती होत नाही आणि थकबाकी म्हणून उभी राहते. विलंबाबद्दल दर शंभर रुपयांमागे दरमहा एक रुपया आकार लागतो. दंड म्हणावा तर तो क्षुल्लक आहे. खरा त्रास वसुलीच्या पद्धतीत आहे. गुजरातेत असताना पाच-सहा महिने खाते कोरडे राहिले आणि मग एखाद्या दिवशी रोजगार हमीची मजुरी अथवा लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये जमा झाले, की साठलेली सारी वर्गणी आकारासह एकदम वळती होऊ शकते. ३७६ रुपयांचे सहा हप्ते म्हणजे २,२५६ रुपये. किराण्यासाठी पैसे काढायला आलेल्या बाईला खात्यात काहीच दिसत नाही आणि बँकेने पैसे खाल्ले, असा बोभाटा पाड्यावर होतो. संदेश आलेला असतो, पण तो जुन्या मोबाइल क्रमांकावर, किंवा जेथे नेटवर्क पोहोचत नाही अशा डोंगरात. पासबुकात नोंद करून घेतली तर त्या ओळीत योजनेच्या नावाची APY ही तीन इंग्रजी अक्षरे सापडतात. परतल्यावर पहिले काम पासबुक छापून घेणे हेच असायला हवे. नकळत उघडलेले खाते असेल तर तेही तेथेच उघड होते.

या त्रासावर नियमांत एक तोड आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. वर्गणी मासिकच भरली पाहिजे असे नाही. ती तिमाही किंवा सहामाहीही भरता येते. पंचविशीतल्या माणसाला २,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी सहामाही हप्ता सुमारे ८९० रुपयांचा पडतो आणि सहा महिन्यांच्या बेरजेपेक्षा तो किंचित कमीच असतो. हा हप्ता सहामाहीच्या पहिल्या महिन्यात वळता होतो. कोणता महिना, हे शाखेत विचारून वहीत लिहून घ्यावे. एक हप्ता उचलीच्या पैशातून आणि दुसरा हंगामाच्या हिशेबातून बाजूला काढून ठेवता आला, तर बाराही महिने खात्यात शिल्लक ठेवण्याची कसरत टळते. ज्याचे उत्पन्न हंगामी आहे त्याला मासिक हप्ता बांधून देणे हा अविचार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्जात तो पर्याय छापलेला असतो. कोणीतरी तो दाखवायला हवा एवढेच.

वर्गणी बंद पडली म्हणून खाते लगेच बुडते, ही समजूत मात्र खरी नाही. आरंभीच्या नियमांत सहा महिन्यांनी खाते गोठवण्याची, वर्षाने निष्क्रिय करण्याची आणि दोन वर्षांनी बंद करण्याची तरतूद होती. ती पुढे बदलली. आता देखभालीचे आकार वजा होत होत शिल्लक शून्यावर येईपर्यंत खाते जिवंत राहते आणि थकबाकी भरून ते पुन्हा सुरळीत करता येते. जुनी माहिती डोक्यात ठेवून, आपले खाते केव्हाच बुडाले असेल, असे मानणाऱ्यांनी एकदा तरी शाखेत चौकशी करावी.

आता कुलपाकडे वळू. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीच्या खात्यातून आजार, शिक्षण, घर अशा ठरावीक कारणांसाठी स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. अटल पेन्शनमध्ये अशी अंशतः रक्कम काढण्याची सोय नाही. साठी पूर्ण झाली तरी गठ्ठ्याने रक्कम हाती येत नाही, दरमहाचे निवृत्तिवेतनच सुरू होते. साठीआधी बाहेर पडायचे तर पूर्वी मृत्यू किंवा गंभीर आजार एवढेच अपवाद होते. पुढे स्वेच्छेने बाहेर पडण्याची मुभा मिळाली. तीत स्वतः भरलेली वर्गणी आणि तिच्यावर प्रत्यक्षात मिळालेले उत्पन्न, आकार वजा करून, परत मिळते. हमी मात्र तेथेच संपते. योजनेच्या पहिल्या वर्षी सहभागी झालेल्या पात्र खातेदारांच्या खात्यात सरकारने पाच वर्षे निम्मी वर्गणी, वर्षाला कमाल १,००० रुपये, जमा केली होती. स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्याला तो वाटा आणि त्यावरचे उत्पन्न मिळत नाही.

म्हणजे पैसा बुडत नाही, पण हवा तेवढा काढताही येत नाही. घ्यायचा तर सगळा, नाहीतर काहीच नाही, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात या कुलपाला एक दुसरी किल्ली आहे आणि या साऱ्या विषयात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. आर्थिक वर्षातून एकदा खातेदाराला निवृत्तिवेतनाची निवडलेली रक्कम वाढवता वा कमी करता येते. वाढवायची तर आजवरच्या वर्गणीतला फरक आठ टक्के व्याजासह भरावा लागतो. कमी करायची तर आजवर जास्तीची भरलेली वर्गणी तिच्यावरच्या उत्पन्नासह परत मिळते. नियम लिहिणाऱ्यांना यातून पैसे काढण्याची सोय करायची नव्हती, हे उघड आहे. पण परिणाम तोच होतो.

उदाहरण घेऊन पाहू. धडगाव तालुक्यातील पंचविशीतला एक ऊसतोड मजूर ५,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी दरमहा ३७६ रुपये भरू लागतो. आठ वर्षे, म्हणजे ९६ हप्ते, तो नेमाने भरतो. एकूण भरणा होतो ३६,०९६ रुपये. निधीवर वर्षाला आठ टक्के उत्पन्न मिळाले असे केवळ हिशेबापुरते धरू. प्रत्यक्ष आकडा यापेक्षा कमी वा अधिक असू शकतो आणि देखभालीचे आकारही त्यातून वजा होतील. या गृहीतावर खात्यात सुमारे ५० हजार रुपये असतील. त्या वर्षी बायकोच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला २५-३० हजार रुपये लागतात. सावकाराकडे जायचे नाही म्हणून तो खाते मोडतो. ५० हजार हाती येतात, गरजेचे वापरले जातात आणि उरलेले सणावारात विरघळतात. आठ वर्षांचे वय मात्र परत मिळत नाही. तेहतिसाव्या वर्षी नव्याने खाते उघडणाऱ्याला २,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी दरमहा ३०२ रुपये पडतात. पंचविशीत तेच १५१ रुपयांत मिळत होते.

याच माणसाने खाते न मोडता निवृत्तिवेतन ५,००० वरून २,००० वर आणण्याचा अर्ज दिला तर काय होते? दरमहा २२५ रुपये जास्तीचे भरले गेले होते, म्हणजे ९६ महिन्यांत २१,६०० रुपये. वरच्याच गृहीतावर उत्पन्न धरून सुमारे ३० हजार रुपये त्याला परत मिळतील. शस्त्रक्रियेची सोय झाली. २,००० रुपयांचे निवृत्तिवेतन हमीसह शाबूत राहिले, पुढचा हप्ता १५१ रुपयांचाच राहिला आणि पंचविशीत खाते उघडल्याचा फायदाही टिकला. रक्कम त्याच दिवशी हाती येत नाही, अर्ज पुढे जाऊन मंजूर व्हावा लागतो. त्यामुळे रुग्ण दवाखान्यात असताना हा उपाय कामाचा नाही, हे मान्य करावे लागेल. पण उसनवारी फेडायला तो पुरेसा आहे. शाखेत जाऊन ‘खाते बंद करायचे आहे’ असे म्हणणाऱ्याला ‘रक्कम कमी करायची आहे का?’ हा प्रश्न कोणी आपणहून विचारेल, या भरवशावर मात्र राहू नये.

याहून साधी सोय खाते उघडतानाच करता येते. कोयता ही जोडी असते, मग खातीही जोडीची का नसावीत? दोघेही पंचविशीचे असतील, तर एकाच्या नावावर ५,००० रुपयांचे खाते काढण्याऐवजी त्याने २,००० चे आणि तिने ३,००० चे काढावे. वर्गणी १५१ आणि २२६, मिळून ३७७ रुपये. म्हणजे एकाच खात्यापेक्षा अवघा एक रुपया जास्त. साठीनंतर घरात तेच ५,००० येतात. एकाचे निधन झाले तरी जोडीदाराला स्वतःचे आणि गेलेल्याचे अशी दोन्ही निवृत्तिवेतने मिळतात. अडचणीच्या वर्षी एक खाते मोडले तरी दुसरे उभे राहते. शिवाय बाईच्या नावावर, तिच्या अंगठ्यावर चालणारे खाते राहते. मुकादमाच्या हिशेबात जोडीची सारी मजुरी पुरुषाच्या नावे लिहिली जाते, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

साठीआधी खातेदार वारला तर काय, हेही माहीत असावे. पती वा पत्नीला दोन पर्याय असतात. जमलेली रक्कम घेऊन खाते बंद करता येते, किंवा गेलेल्या खातेदाराला साठ वर्षे पूर्ण झाली असती त्या तारखेपर्यंत वर्गणी चालू ठेवून तेच निवृत्तिवेतन हयातभर घेता येते. तरुण विधवेला दुसरा पर्याय अनेकदा सांगितलाच जात नाही, कारण दुःखाच्या दिवसांत हाती येणारी रक्कम सर्वांनाच अधिक खरी वाटते.

इतके झाल्यावर मूळ प्रश्न उरतो : पस्तीस वर्षांनी मिळणाऱ्या ५,००० रुपयांची किंमत काय? हमी आहे ती रुपयांच्या आकड्याची, त्या रुपयांत काय मिळेल याची नाही. निवृत्तिवेतन महागाईशी जोडलेले नाही. महागाई वर्षाला सरासरी पाच टक्के राहिली तर पस्तीस वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांत आजच्या सुमारे ९०० रुपयांचा बाजार होईल आणि १,००० रुपयांत आजच्या १८० रुपयांचा. बँकांच्या सोयीने उघडल्या गेलेल्या १,००० रुपयांच्या खात्यांचे हे भवितव्य आहे. तुलनेसाठी सांगायचे तर राज्याच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधार वृद्धाला आज, काहीही वर्गणी न भरता, दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्थात त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, तहसील कार्यालयाचे खेटे घालावे लागतात आणि ती मदत उद्याच्या सरकारच्या मर्जीवर असते. अटल पेन्शन हा हक्क आहे, ते अनुदान आहे. तरीही म्हातारपणाची सारी मदार या खात्यावर टाकणाऱ्याने हा हिशेब आधी मनाशी करावा. शेळ्या, जमिनीचा तुकडा, मुलीचे शिक्षण यांतही म्हातारपणाची तजवीज असते आणि अडीनडीला शेळी आठवडी बाजारात विकता येते.

म्हणूनच वर्गणीची रक्कम ठरवताना चांगल्या हंगामाचा नव्हे, तर पडलेल्या हंगामाचा आधार घ्यावा. ज्या वर्षी कोयता आजारी पडून मध्येच परतला, त्या वर्षीही जी भरता आली असती तेवढीच वर्गणी पेलणारी आहे. ज्याचा पगार महिन्याला ठरलेला आहे, उदाहरणार्थ शहादा वा नंदुरबारमधील दुकानातला किंवा मिरची पथारीवरचा कायमचा कामगार, त्याने मोठ्या रकमेपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण खाली उतरण्याची वाट स्वस्त आहे आणि वर चढण्याची महाग. दोन हजारांवरून पाच हजारांवर पाच वर्षांनी जायचे झाले तर १३,५०० रुपयांचा फरक आणि व्याज मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास एकरकमी भरावे लागतील.

आणखी एक गोष्ट हिशेबात घ्यावी लागते, ती म्हणजे नियमांचे आयुष्य. असंघटित कामगारांसाठी २०१० साली स्वावलंबन योजना आली होती. पाच वर्षांत तिची जागा अटल पेन्शनने घेतली. चाळिशी ओलांडलेल्या जुन्या खातेदारांना नव्या योजनेत जागाच नव्हती. २०१९ मध्ये प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन ही आणखी एक योजना आली. तीत सरकार बरोबरीची वर्गणी घालते, पण खातेदाराच्या पश्चात जोडीदाराला निम्मेच निवृत्तिवेतन मिळते आणि दहा वर्षांच्या आत बाहेर पडल्यास स्वतःच्या वर्गणीवर केवळ बचत खात्याचे व्याज. खुद्द अटल पेन्शनचे बाहेर पडण्याचे, दंडाचे आणि पात्रतेचे नियम पहिल्या दहा वर्षांतच बदलले. यातले काही बदल खातेदाराच्या सोयीचे झाले, हे नाकारता येत नाही. पण पस्तीस वर्षे कुलूपबंद राहणारा पैसा ज्या नियमांखाली ठेवला, त्याच नियमांखाली परत मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. ५,००० रुपयांच्या हमीला सरकार बांधलेले आहे. मधल्या वाटांना ते तितके बांधलेले नाही.

या योजनेतून आजवर एकालाही निवृत्तिवेतन मिळालेले नाही. २०१५ च्या जूनमध्ये चाळिसाव्या वर्षी सहभागी झालेले पहिले खातेदार २०३५ मध्ये साठीला पोहोचतील. तेव्हा बँकेत जाऊन निवृत्तिवेतन सुरू करण्याची मागणी त्यांना करावी लागेल आणि त्यासाठी तेच बचत खाते, तोच निवृत्तिवेतन क्रमांक आणि आधारवरची तीच जन्मतारीख जुळावी लागेल. शाळेत न गेलेल्या असंख्य माणसांच्या आधारवर १ जानेवारी ही अंदाजाची जन्मतारीख पडलेली आहे. ती वास्तवाहून दोन-चार वर्षे पुढची असेल तर साठीही तितकीच वर्षे पुढे जाते आणि वर्गणीही तितकी वर्षे जास्त भरावी लागते. दुरुस्ती करायची तर ती खाते उघडण्याआधी करून घ्यावी. वर्गणीचा दर आणि कुलूप उघडण्याचा दिवस हे दोन्ही त्याच तारखेवरून मोजले जातात.